आभारपत्राला गुण नसतात

नोकरीसाठी अथवा बढतीसाठी घेतले जाणारे दिवसभराचे मूल्यमापन केंद्र, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘असेसमेंट सेंटर’ म्हणतात ते, आटोपून उमेदवार संध्याकाळी थकून परततो, तेव्हा हल्ली आणखी एक काम त्याची वाट पाहत असते. चोवीस तासांच्या आत प्रत्येक मूल्यमापकाला स्वतंत्र आभारपत्र पाठवावे, त्यात आपल्या कामगिरीतील दोन-तीन ठळक गोष्टींची आठवण करून द्यावी आणि जेथे कमी पडलो तेथे ‘त्यातून काय शिकलो’ तेही लिहावे, असा उपदेश त्याला शिकवणी वर्गांतून आणि हितचिंतकांकडून मिळालेला असतो. हा उपदेश उमेदवाराच्या फारसा उपयोगाचा नाही. परंतु त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्या संस्था अशी पत्रे मूल्यमापकांपर्यंत पोहोचू देतात, त्या आपल्याच निवडपद्धतीचा पाया स्वहस्ते उकरीत आहेत. केंद्र सरकारच्या सेवेत असताना बाहेरचा मूल्यमापक म्हणून अशा केंद्रांत मी अनेकदा बसलो आहे, आणि पुढील विवेचन त्या अनुभवाच्या आधारे करीत आहे.

प्रथम हे पाहू की अशा दिवशी गुण पडतात तरी कसे. मुलाखतीत तीन-चार माणसे अर्धा तास बोलतात आणि आपले मत बनवतात. मूल्यमापन केंद्राची कल्पना याच्या नेमकी उलट आहे. १९४२ साली ब्रिटनने सैन्यातील अधिकारी निवडण्यासाठी ‘वॉर ऑफिस सिलेक्शन बोर्ड’ स्थापन केली, तेव्हा जुन्या पद्धतीच्या छोट्याशा मुलाखतीत उमेदवाराची शाळा, त्याचा उच्चार आणि त्याची बसण्या-उठण्याची रीत यांचीच छाप पडते, ही तक्रार त्यामागे होती. म्हणून उमेदवाराला कामे द्यायची, तो ती कशी करतो हे अनेकांनी अनेक प्रसंगी पाहायचे, जे पाहिले ते लिहायचे, आणि मत मात्र शेवटी बनवायचे, असा क्रम ठरला. आपल्याकडील सैन्यदलांची सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डे याच परंपरेतील आहेत.

आजच्या एका दिवसाच्या केंद्रात हा क्रम साधारणपणे असा असतो. उमेदवाराला चार-पाच कामे दिली जातात. एका कामात टेबलावर पंधरा-वीस कागद असतात आणि ठरावीक वेळात त्यांचा निपटारा करायचा असतो. दुसऱ्यात सहाजणांनी मिळून, कोणीही अध्यक्ष न नेमता, एखादा निर्णय घ्यायचा असतो. तिसऱ्यात नाराज सहकाऱ्याची भूमिका करणाऱ्या व्यक्तीशी बोलायचे असते. चौथ्यात एखादे प्रकरण वाचून त्यावर सादरीकरण करायचे असते. प्रत्येक कामात उमेदवाराला पाहणारा मूल्यमापक शक्यतो बदलतो. मूल्यमापकाने पाहताना शब्दशः नोंद करायची, नंतर ती नोंद कोणत्या गुणाखाली येते ते ठरवायचे, आणि मगच आकडा द्यायचा. सर्व कामे संपल्यावर, त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, सर्व मूल्यमापक एकत्र बसतात. या बैठकीला ‘वॉश-अप’ म्हणतात. तेथे एकेका उमेदवाराच्या नोंदी वाचल्या जातात आणि अंतिम गुण ठरतात.

या सगळ्या रचनेत एक शिस्त गृहीत धरलेली आहे. शेवटचे काम संपले की पुरावा बंद होतो. त्यानंतर येणारा कोणताही कागद सर्व उमेदवारांना समान अटींवर लिहायला मिळालेला नसतो, म्हणून तो पुरावा होऊ शकत नाही. आभारपत्र नेमके या बंद झालेल्या दारातून आत शिरते. शेवटचे काम आणि वॉश-अप यांच्यामध्ये एक रात्र असेल, तर ती रात्र त्याला पुरते.

एक उदाहरण तपशिलाने सांगतो. संस्थेचे नाव अर्थातच सांगत नाही. मधल्या फळीतील अधिकाऱ्यांमधून पाच जागांसाठी निवड होती. बारा उमेदवार, सहा-सहांचे दोन गट, सहा मूल्यमापक. पाच गुण तपासायचे होते: नियोजन, निर्णय, सहकाऱ्यांना बरोबर घेणे, मांडणी आणि जबाबदारीची जाणीव. प्रत्येकाला एक ते पाच असे आकडे. गटकामात सहाजणांकडे सहा प्रादेशिक कार्यालयांचे प्रस्ताव होते, निधी मात्र साधारण तिघांना पुरेल इतकाच होता, आणि पंचेचाळीस मिनिटांत वाटप ठरवायचे होते.

पहिल्या गटातील एका उमेदवाराने सुरुवातीपासून सूत्रे हाती घेतली. दोन मूल्यमापकांच्या वह्यांत स्वतंत्रपणे जवळजवळ सारख्याच नोंदी होत्या: चौथ्या उमेदवाराचे बोलणे दोनदा तोडले, ‘वेळ नाही, पुढे जाऊ’ असे तीनदा म्हटले, पाचव्या उमेदवाराने खर्चाबद्दल विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. पाचवी उमेदवार एका छोट्या कार्यालयातून आलेली महिला अधिकारी होती. पंचविसाव्या मिनिटापर्यंत ती फारसे बोलली नव्हती. नंतर ती उठली, फळ्यावर सहा प्रस्तावांचा तक्ता काढला, प्रत्येकाचा या वर्षी टाळता न येणारा खर्च आणि पुढे ढकलता येण्याजोगा खर्च वेगळा केला, आणि ‘आधी पहिला स्तंभ सगळ्यांना देऊ, उरेल त्यावर बोलू’ असे सुचवले. गटाचे एकमत झाले ते या तक्त्यावर. ‘सहकाऱ्यांना बरोबर घेणे’ या गुणाखाली पहिल्या उमेदवाराला दोघांनीही दोन दिले होते, पाचव्या उमेदवाराला चार.

त्या रात्री साडेदहाच्या सुमारास पहिल्या उमेदवाराचे पत्र सहाही मूल्यमापकांना ई-मेलने आले. सकाळी ओळख करून देताना आमची नावे सांगितली गेली होती, आणि नाव कळले की सरकारी पत्ता शोधणे अवघड नसते. पत्र उत्तम इंग्रजीत होते. पहिल्या परिच्छेदात आभार. दुसऱ्यात, ‘गटचर्चेत परस्परविरोधी मागण्यांमधून सर्वांना मान्य होईल असा तोडगा घडवून आणता आला याचे समाधान वाटते’. तिसऱ्यात, ‘प्रसंगी मी घाई केली असेन, पण वेळेचे बंधन पाहता कोणीतरी ती जबाबदारी घेणे आवश्यक होते’.

हे पत्र जरा बारकाईने पाहावे. त्यात एकही वाक्य सरळ खोटे नाही. तोडगा निघाला हे खरे, तो निघाला तेव्हा पत्रलेखक खोलीत होता हेही खरे. परंतु ‘घडवून आणता आला’ या शब्दांनी तक्ता काढणारी व्यक्ती चित्रातून नाहीशी होते, आणि तिसऱ्या परिच्छेदाने दोषाचे रूपांतर कर्तव्यात होते. पुढे कोणता आक्षेप येणार हे ओळखून दिलेले ते उत्तर होते, आणि ही उत्तर देण्याची संधी इतर अकराजणांना नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी या उमेदवाराचे नाव आल्यावर, गटकामाच्या वेळी दुसऱ्या गटाकडे असलेले एक ज्येष्ठ मूल्यमापक म्हणाले, ‘माणसाला आत्मभान आहे. तोडगाही त्यानेच काढला म्हणतात. दोन फार कमी होतात.’ ते ‘म्हणतात’ कोण म्हणत होते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. पाच गुणांची बेरीज त्या उमेदवाराची सोळा होती, महिला अधिकाऱ्याची सतरा. चार जागांबद्दल दुमत नव्हते. पाचवी जागा या दोघांपैकी एकाची होती. दोनाचे तीन झाले असते तर बेरीज समान झाली असती, आणि बेरीज समान झाल्यास सेवाज्येष्ठता पाहायची असा नियम होता. तो ज्येष्ठ होता.

बैठकीच्या अध्यक्षांनी सांगितले, ‘वहीतील नोंद वाचा, पत्र नको.’ नोंदी वाचल्या गेल्या आणि आकडा दोनच राहिला. म्हणजे शेवट योग्य झाला. पण त्यासाठी वीस मिनिटे गेली, आणि बैठक दुपारी एकला संपवायची असल्याने शेवटच्या तीन उमेदवारांच्या वाट्याला प्रत्येकी जेमतेम सात मिनिटे आली. ज्यांनी काहीच लिहिले नव्हते, त्यांचा वेळ एका पत्राने खाल्ला. आणि अध्यक्ष जरा सौम्य स्वभावाचे असते तर काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता थोडे अर्थशास्त्र. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजारातील संकेतांवर एक निबंध लिहिला. २००१ साली नोबेल पुरस्कार मिळालेल्या तिघांपैकी ते एक. त्यांचा मुद्दा असा की, एखादी खूण माणसाच्या अंगच्या कुवतीबद्दल काही सांगू शकते ती तेव्हाच, जेव्हा कुवत असलेल्याला ती कमावणे स्वस्त पडते आणि नसलेल्याला महाग. कठीण पदवी अशी खूण असू शकते. आभारपत्राचे काय? ते लिहायला चांगल्या प्रशासकालाही दहा मिनिटे लागतात आणि सुमार प्रशासकालाही दहाच. नमुना कोणाकडूनही मिळतो. तेव्हा कुवतीबद्दल ते काहीही सांगत नाही. ज्यांना ते लिहायचे असते हे ठाऊक आहे आणि ज्यांना ठाऊक नाही, एवढाच भेद त्यातून दिसतो. महानगरातल्या इंग्रजी शाळेतून आलेल्या, घरात दोन पिढ्या अधिकारी असलेल्या उमेदवाराला ते ठाऊक असते. बुलढाण्याहून, बस्तरहून किंवा मणिपूरच्या डोंगराळ जिल्ह्यातून आलेल्याला वरिष्ठांना असे परस्पर पत्र लिहिणे हा आगाऊपणा वाटतो, आणि त्याच्या संस्कारांप्रमाणे ते वाटणे योग्यच असते. पुढे सर्वांनाच ही रीत कळली की ती माहितीही संपते. पत्र पाठवल्याने काही मिळत नाही, न पाठवणारा मात्र उद्धट ठरतो. ज्या छापेपासून सुटका करून घेण्यासाठी १९४२ साली ही पद्धत उभी राहिली, तीच छाप अशा रीतीने मागच्या दाराने परत येते.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला सौजन्याचा. आभार मानणे ही सभ्यता आहे, तिच्यावर बंदी कशी घालणार? बंदी घालावी असे मी म्हणत नाही. सौजन्य खरे असेल तर ते निकाल लागेपर्यंत टिकते. ज्याला मनापासून आभार मानायचे आहेत त्याने निकालानंतर मानावेत. निवड झाली नसताना लिहिलेले आभारपत्र मी माझ्या सेवेत दोनदाच पाहिले, आणि ती दोन्ही मी जपून ठेवली आहेत.

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे. पाठपुरावा करणे हाही अधिकाऱ्याचा गुण आहे, म्हणून आभारपत्र हे त्या गुणाचे दर्शन मानावे, असे काही मनुष्यबळ सल्लागार सांगतात. माझे उत्तर असे की, तो गुण तपासायचा असेल तर तपासा. दिवसाच्या शेवटी सर्वांना वीस मिनिटे द्या, सारखा कागद द्या, ‘आजच्या बैठकीनंतर वरिष्ठांना पाठवायचे टिपण लिहा’ असे सांगा, आणि त्याला गुण ठेवा. मग ते एक काम होईल आणि बाराही जण ते करतील. न सांगितलेल्या कामाला गुण देणे ही परीक्षा नव्हे.

सरकारी निवडीत तर प्रश्न अधिकच स्पष्ट आहे. सरकारी भरतीच्या बहुतेक जाहिरातींच्या तळाशी, कोणत्याही स्वरूपात वशिला लावल्यास उमेदवारी रद्द होईल, असे एक वाक्य असते. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ मधील २०वा नियम आपल्या सेवाविषयक हितासाठी वरिष्ठांवर राजकीय वा अन्य बाहेरचे दडपण आणण्यास मनाई करतो. केवळ आभाराची चार वाक्ये या नियमाच्या कक्षेत येत नाहीत, हे मान्य. परंतु निर्णय होण्यापूर्वी निर्णय करणाऱ्याला एकट्याने गाठून आपली बाजू मांडणे, ही वृत्ती त्याच कुळातील आहे. न्यायालयात सुनावणी संपल्यावर एका पक्षकाराने न्यायाधीशांना रात्री पत्र पाठवून ‘आज माझ्या वकिलांनी मांडलेला मुद्दा आपल्याला पटला असेलच’ असे लिहिले, तर त्याला आपण सौजन्य म्हणणार नाही.

येथे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची रचना पाहण्यासारखी आहे. उमेदवाराच्या छातीवर क्रमांक असतो आणि त्याला क्रमांकाने ओळखतात. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि गटकामे पाहणारा अधिकारी हे तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवसाच्या परिषदेपूर्वी त्याची आपसात चर्चा करीत नाहीत. परिषद होते आणि त्याच दिवशी निकाल सांगितला जातो. आभारपत्र शिरेल अशी फटच तेथे उरत नाही. त्या पद्धतीवर घेण्याजोगे इतर आक्षेप आहेत. पण ही फट बुजवण्याचे शहाणपण तिच्यात आहे, आणि ते एका दिवसाच्या केंद्रालाही सहज घेता येईल.

मग उमेदवाराने काय करावे? त्याने पत्र लिहायचेच ठरवले तर ते मूल्यमापकांना लिहू नये. दिवसाची व्यवस्था पाहणाऱ्या समन्वयकाला लिहावे, कारण गुणांशी ज्याचा संबंध नाही असा तेथे बहुधा तोच एक असतो, आणि खोल्या, कागद, वेळापत्रक, जेवण हे सारे त्यानेच सांभाळलेले असते. आभारास तोच पात्र आहे. मजकूर इतका पुरे:

‘कालच्या दिवसाची व्यवस्था नेटकी होती, प्रत्येक कामाच्या सूचना स्पष्ट होत्या, याबद्दल आपले व आपल्या सहकाऱ्यांचे आभार. हे आभार कृपया सर्व मूल्यमापकांपर्यंत निकालानंतर पोहोचवावेत. निकाल काहीही लागला तरी माझ्या कामगिरीवरील अभिप्राय मिळू शकल्यास मी ऋणी राहीन. तो केव्हा व कोणाकडे मागावा, हे कळवावे.’

चार वाक्ये झाली. यात आपल्या कामगिरीचा उल्लेख नाही, आणि तो नसणे हेच महत्त्वाचे. अभिप्रायाची विनंती मात्र अवश्य करावी, कारण अशा केंद्रातून उमेदवाराला मिळण्याजोगी खरी वस्तू तीच आहे. कोणत्या प्रसंगी काय केले याच्या लेखी नोंदी तेथे असतात. मुलाखतीनंतर तसे काही सहसा हाती लागत नाही. ‘आपण कमी पडलात’ यापेक्षा ‘पाचव्या उमेदवाराच्या प्रश्नाला आपण उत्तर दिले नाही’ हे वाक्य माणसाला पुढची दहा वर्षे उपयोगी पडते.

दोन गोष्टी या पत्रात मुळीच येऊ नयेत. पहिली, तक्रार. कागदांच्या गठ्ठ्यात एखादे पान कमी होते, घड्याळ चुकीचे होते, शेजारच्या खोलीत ठोकाठोकी चालू होती, असे काही घडले असेल तर ते त्याच क्षणी हात वर करून सांगावे आणि त्याच दिवशी समन्वयकाकडून लिहून घ्यावे. म्हणजे तो वेळ भरून देता येतो, किंवा निदान नोंदीत राहतो. आभाराच्या साखरेत घोळवून दुसऱ्या दिवशी दिलेली तक्रार तक्रार म्हणूनही कोणी गांभीर्याने घेत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कामांचा मजकूर. ही कामे तयार करायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून ती पुन्हा वापरली जातात. समाजमाध्यमांवर जाहीर आभार मानताना ‘सहा कार्यालयांच्या निधिवाटपाचे ते आव्हान अविस्मरणीय होते’ असे जो लिहितो, तो पुढील तुकडीतील आपल्या ओळखीच्यांना प्रश्नपत्रिका वाटत असतो.

तरीही मुख्य जबाबदारी मी उमेदवारांवर टाकणार नाही. अनिश्चिततेत असलेला माणूस हाती लागेल ती काडी धरणारच. काडी पाण्यात ठेवायची की नाही हे संस्थेने ठरवायचे आहे, आणि त्यासाठी समिती नेमण्याची गरज नाही. सकाळच्या सूचनापत्रात एक वाक्य घालावे: ‘आजचे शेवटचे काम संपल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत मूल्यमापकांशी कोणताही संपर्क साधू नये, पत्रव्यवहार फक्त समन्वयकाशी करावा.’ मूल्यमापकांना सांगावे की, तरीही एखादे पत्र आले तर ते न वाचता समन्वयकाकडे पाठवावे. समन्वयकाने ती सर्व पत्रे वेगळ्या फाइलमध्ये ठेवावीत आणि गुणपत्रकावर सर्वांच्या सह्या झाल्यावरच उघडावीत. आणि शक्य असेल तेथे वॉश-अप त्याच संध्याकाळी उरकावी. मूल्यमापक थकलेले असतात हे खरे. तसे असेल तर सकाळचे पहिले काम एक तास आधी सुरू करावे.

ही सूचना मी ज्यांच्यापुढे मांडली, त्यांपैकी काहींनी ‘एवढ्याशा पत्राचा एवढा बाऊ कशाला’ असे विचारले. पाचव्या जागेसाठी सोळा आणि सतरा यांमध्ये एकाचाच फरक होता, आणि ते पत्र तो एकच आकडा मागायला आले होते.